डबल हाइट बंद करून केलेला माळा चालताना झुलतो – धोका आहे की नुसतीच थरथर?

सुमेध_धायरी
नमस्कार. धायरीत आमचं रो-हाउस आहे. हॉलची डबल हाइट होती. मुलगी दहावीला गेली, तिला स्वतंत्र खोली हवी होती, म्हणून गेल्या दिवाळीनंतर ती जागा लोखंडी माळा टाकून बंद केली. खोली ४.८ मीटर बाय ३.६ मीटर आहे. १०० मिमी उंचीचे आय-बीम लांबीच्या दिशेने टाकलेत, दर ९० सेंमीवर एक. त्यावर चौकोनी पाइप, वर २० मिमी सिमेंट बोर्ड आणि टाइल.

दिसायला काम छान झालंय. पण मधोमध चाललं की पायाखाली जमीन झुलते. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हिंदकळतं. मुलगी अभ्यासाला बसलेली असताना तिची आजी नुसती कपाटापर्यंत गेली तरी खुर्ची हलल्यासारखी वाटते. आई आता त्या खोलीत पाऊल ठेवायला तयार नाही.

फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याने मधोमध उभं राहून तीन-चार उड्या मारल्या आणि म्हणाला, "साहेब, दहा माणसं नाचली तरी पडणार नाही." पडणार नाही हे मान्य केलं, तरी मग हलतं का? आणि यावर उपाय काय? कृपया जाणकारांनी सांगावं.

काँक्रीटकाका
सुमेध, तुमचा माळा हलका झालाय, बाकी काही नाही. आपल्या स्लॅबवर कितीही चाला, हलतो का? नाही, कारण त्याला वजन असतं. टाइल काढा, दोन इंच काँक्रीट जाळी टाकून ओता आणि परत टाइल लावा. थरथर गायब. आमच्या गोडाउनच्या माळ्यावर मी हेच केलं, आज बारा वर्षं झाली.

वैशाली_कोथरूड
आमच्याकडेही हाच त्रास आहे. वरच्या मजल्यावरची मुलं संध्याकाळी उड्या मारतात आणि आमच्या छताचा पंखा थरथरतो. सोसायटीत तक्रार केली तर म्हणतात, मुलं आहेत, खेळणारच. यावर काही नियम आहे का?

रेणुका_स्ट्रक्चरल
वैशाली, तुमचा प्रश्न आवाजाचा आणि शेजाऱ्यांचा जास्त वाटतो. त्याकडे नंतर येते, कारण सुमेध यांना काकांनी दिलेला सल्ला आधी थांबवायला हवा. सुमेध, कृपया काँक्रीट ओतू नका.

तुम्ही दिलेल्या मापांवरून मी हिशोब मांडला. माळ्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ७५ किलोच्या आसपास येतं. घरगुती वापरासाठी त्यावर २०० किलो धरायचे. एवढ्या लोडला १०० च्या बीममध्ये येणारा ताण मर्यादेच्या साधारण ८० टक्के होतो. म्हणजे फॅब्रिकेटर खोटं बोलत नाही. माळा पडणार नाही.

पण ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्याने फक्त पहिली तपासली. त्याच बीमचा वाक काढला तर नुसत्या वापराच्या लोडखाली तो २४ मिमी येतो. टाइल लावलेल्या माळ्याला स्पॅनचा ३६० वा भाग, म्हणजे तुमच्या खोलीत १३ मिमी, एवढाच वाक चालतो. तुमचा बीम न मोडण्याइतका मजबूत आहे, पण वाकायला फारच मोकळा आहे. स्पॅन वाढला की हा फरक झपाट्याने रुंदावतो. स्पॅन दुप्पट केला तर ताण चौपट होतो, वाक मात्र सोळापट. त्यामुळे लहान खोलीत फॅब्रिकेटरचा जो बीम छान चालला, तोच ४.८ मीटरवर झुलतो, आणि "आम्ही नेहमी हाच टाकतो" हे वाक्य दोन्हीकडे तितक्याच खात्रीने म्हटलं जातं.

आता झुलण्याकडे. रोजचं सामान धरून तुमचा बीम आत्ता सुमारे ११ मिमी वाकलेला असावा. अशा बीमसाठी एक सोपी रीत आहे: वाक मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने १८ ला भागा. सेकंदाला किती झोके हे अंदाजे मिळतं. ११ चं वर्गमूळ ३.३, म्हणजे तुमचा माळा सेकंदाला साधारण ५.४ झोके घेतो. घरात माणूस चालतो सेकंदाला १.८ पावलांनी. १.८ ची तिप्पट ५.४. झोपाळ्याला प्रत्येक झोक्याला धक्का द्यावा लागत नाही. दर तिसऱ्या झोक्याला नेमक्या वेळी दिला तरी झोपाळा वाढतच जातो. आजींचं प्रत्येक पाऊल तुमच्या माळ्याला तोच धक्का देतंय.

आता काकांचं काँक्रीट. दोन इंच थर म्हणजे चौरस मीटरला १२० किलो जास्त. बीमचा ताण मर्यादा ओलांडून १८ टक्के वर जातो, कायमचा झोल ११ चा २५ मिमी होतो आणि झोके ५.४ वरून ३.६ वर उतरतात. ते १.८ ची बरोबर दुप्पट आहेत. म्हणजे आता दर दुसऱ्या झोक्याला धक्का बसेल. त्रास राहील आणि वर धोका विकत घेतलेला असेल.

काँक्रीटकाका
रेणुकाताई, हिशोब मान्य. पण मग आमचा माळा का हलत नाही? बारा वर्षांचा अनुभव खोटा कसा म्हणू?

रेणुका_स्ट्रक्चरल
खोटा नाही, काका. वजनाचा फायदा असतोच. सुमेध यांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब असता तर त्याचं नुसतं वजन पाच टनांच्या वर गेलं असतं. त्यांचा अख्खा माळा सव्वा टनाचा आहे. सत्तर किलोच्या माणसाला सव्वा टन हलवणं सोपं आणि पाच टन अवघड. पण स्लॅबचं वजन त्याच्या जाडीबरोबर येतं, आणि जाडी वजनापेक्षा कितीतरी वेगाने ताठपणा आणते. जाडी दुप्पट झाली तर वजन दुप्पट होतं, ताठपणा आठपट. शिवाय स्लॅब चारही बाजूंनी टेकलेला असतो, दोन्ही दिशांनी वजन वाहतो. तुम्ही ओतलेला थर मात्र बीमवर नुसता बसतो. तुमच्या गोडाउनचे बीम किती उंचीचे आहेत आणि स्पॅन किती?

काँक्रीटकाका
बीम २०० चे. स्पॅन दहा फूट असेल.

रेणुका_स्ट्रक्चरल
मग उत्तर तुमच्याच बीममध्ये आहे. सुमेध यांच्या बीमपेक्षा उंची दुप्पट आणि स्पॅन दोन तृतीयांशही नाही. तो माळा काँक्रीट नसतं तरी हलला नसता.

पेठेतली_पोर
खूप छान माहिती. आमचा शुक्रवार पेठेत वाडा आहे, माडीला कडीपाट. माडी लहानपणापासून थोडी हलायचीच आणि आम्हाला त्याची सवय होती. पण चार वर्षांपूर्वी एक कडी वाळवीने गेली म्हणून सुताराने टिंबर मार्केटमधून त्याच मापाची, तीन बाय पाच इंचाची, सागवानी कडी आणून बसवली. तेव्हापासून बरोबर त्याच जागी पाय ठेवला की जमीन खाली जाते. लाकूड नवं, उत्तम, एक गाठ नाही. मग असं का? हा धागा वाचून खाली जाऊन नीट पाहिलं. बाकीच्या कड्या उभ्या आहेत, म्हणजे पाच इंच उंची. ही आडवी ठेवलीय. उंची तीनच इंच!

रेणुका_स्ट्रक्चरल
तुम्ही स्वतःच शोधून काढलंत. तेच लाकूड, तेवढंच वजन, पण आडवं ठेवल्याने ताठपणा जवळजवळ पावणेतीन पटींनी घटला. ती कडी काढून उभी करा. ते करताना शेजारच्या कड्यांची भिंतीत गेलेली टोकं टोचा घालून बघा. जुन्या माडीचं पूर्वीपासून हलणं चिंतेचं नसतं. मात्र काल हलत नव्हती ती जागा आज हलायला लागली, तर बहुतेक वेळा टोक ओलीने कुजलेलं असतं. टोचा सहज आत गेला तर खालून टेकू लावा आणि मगच पुढचं बोला.

भोसरीवाला
मी फॅब्रिकेशनच करतो, म्हणून आमची बाजू पण मांडतो. गिऱ्हाईक विचारतं "चौरस फुटाला किती", आणि १०० च्या जागी १५० चा बीम सांगितला की ते दुसऱ्याकडे जातं. खरं तर १०० चा बीम मीटरला साडेअकरा किलो आणि १५० चा पंधरा. साडेतीन किलो जास्त लोखंडात ताठपणा जवळपास पावणेतीनपट मिळतो. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. आम्ही पण नाही.

सुमेध, उपाय सोपा आहे. प्रत्येक दोन बीमच्या मध्ये अजून एक बीम टाका. ९० चं अंतर ४५ होईल.

रेणुका_स्ट्रक्चरल
भोसरीवाला, तुमचं १५० बद्दलचं म्हणणं सुरुवातीला ऐकलं असतं तर हा धागाच निघाला नसता. पण मध्ये बीम टाकण्याचा हिशोब करून पाहा. बीम दुप्पट केले तर ताठपणा दुप्पट होतो, झोके मात्र ५.४ वरून साडेसातच्या आसपासच जातात, नव्या लोखंडाचं वजन धरलं तर त्याहूनही थोडे कमी. फरक पडेल, पण आजी खोलीत यायला लागतील याची खात्री मी देणार नाही. मला आठच्या वर, शक्यतो दहाच्या पुढे जायचंय, म्हणजे पावलांचा धक्का तिथपर्यंत जोरात पोहोचत नाही.

पहिला विचार माझ्याही मनात मधोमध आडवा गर्डर टाकून स्पॅन निम्मा करण्याचा आला. सुमेध, खोलीच्या लांब बाजूंना खाली काय आहे?

सुमेध_धायरी
एका बाजूला सिपोरेक्सची सहा इंची भिंत. दुसऱ्या बाजूला मजल्यापासून वरपर्यंत काचेची मोठी खिडकी. आरसीसी बीम फक्त दोन आखूड बाजूंना आहेत, म्हणूनच फॅब्रिकेटरने लांबीच्या दिशेने बीम टाकले.

रात्री दोरीही ताणून पाहिली. मधल्या बीमखाली ११ ते १२ मिमी झोल आहे. तुमचा आकडा बघून अंगावर काटा आला.

अजून एक केलं. हॉलच्या फरशीवरून एक सरळ पट्टी उभी केली, बीमला जवळजवळ टेकेल अशी, आणि पेन्सिलीने खूण केली. भाऊ वर मधोमध उभा राहिला, वजन ७२ किलो. बीम २ मिमी खाली आला. तो बाजूला झाला की परत वर.

रेणुका_स्ट्रक्चरल
झोलाच्या आकड्यावर फार विसंबू नका. बीम बसवतानाच किंचित वाकडा असू शकतो, जुळणं थोडं योगायोगाचंही आहे. तुमचा पट्टीचा प्रयोग मात्र लाखमोलाचा आहे. एकाच बीमने सगळं वजन घेतलं असतं तर ३ मिमी आले असते. वरचे पाइप आणि बोर्ड शेजारच्या बीमना थोडा भार देतात म्हणून २ आले. ती खूण पुसू नका, काम झाल्यावर हाच प्रयोग परत करायचाय.

आडवा गर्डर आता विसरा. पूर्ण लोडला त्याच्या प्रत्येक टोकावर एक टनाहून जास्त येईल. सिपोरेक्सच्या भिंतीत भोक पाडून त्यावर तो टेकवणं अजिबात चालणार नाही, ब्लॉक चुरडतो. खिडकीसमोर खांब उभा करावा लागेल आणि त्याला खाली पाया.

तुमच्यासाठी दुसरा मार्ग बरा. प्रत्येक मधल्या बीमच्या खाली त्याच मापाचा दुसरा १०० चा बीम वेल्ड करायचा. शेजारी ठेवला असता तर ताठपणा दुप्पट झाला असता. खाली ठेवला की दोघं मिळून २०० मिमी उंचीचा एक बीम होतो आणि ताठपणा ४.८ पट होतो. लोखंड दोन्हीकडे तेवढंच, किंमत तेवढीच. झोके अकराच्या आसपास जातील. हॉलमधली उंची चार इंचांनी घटेल, ती तुमच्याकडे आहे.

भोसरीवाला
ताई, बरोबर आहे, पण दोन अडचणी. बीमची टोकं आरसीसीला ब्रॅकेटने धरलेली असणार, तिथे खालचा बीम शिरणार नाही. आणि टाके मारत वेल्डिंग केलं तर चालेल का? ओव्हरहेड सलग वेल्डिंग म्हणजे बीम तापून वाकडा होईल, शिवाय खाली फर्निचर.

रेणुका_स्ट्रक्चरल
दोन्ही मुद्दे खरे. खालचा तुकडा टोकापर्यंत न्यायची गरज नाही. दोन्हीकडे एक-एक फूट सोडला तरी चालतो, कारण वाकण्याचा जोर मधोमध असतो. पण जिथे तो तुकडा संपतो तिथेच वरचा आणि खालचा बीम एकमेकांवरून सरकायला बघतात. म्हणून टाके मध्ये विरळ चालतील, टोकांच्या फूटभरात मात्र दोन्ही बाजूंनी सलग भरा. हे वेल्ड सुटलं तर दोन बीम पुन्हा वेगवेगळे वाकतील आणि पाचपटीचा फायदा दुपटीवर येईल. किती लांबीचे आणि किती जाडीचे टाके, हे जागेवर पाहिलेल्या इंजिनियरने काढून द्यावं.

आणि आधी खालून तीन ठिकाणी जॅक लावून बीम हलकेच उचला. टेकू न लावताही थरथर कमी होईल, पण ११ मिमीचा झोल तसाच गोठेल.

वैशाली_कोथरूड
मी आधी चुकीचा प्रश्न विचारला असं वाटतंय. खरी काळजी वेगळी आहे. आमची गॅलरी बाहेर काढलेली आहे, चार फूट. कठड्याजवळ कपडे वाळत घालताना ती किंचित हलते, आणि भिंतीलगत फरशीत एक सरळ चीर गेलीय. ती पण अशीच निरुपद्रवी थरथर का?

रेणुका_स्ट्रक्चरल
नाही वैशाली, हे वेगळं आहे आणि याकडे लगेच बघा. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. गॅलरी एकाच बाजूने लटकते आणि तिचं सगळं वजन वरच्या सळया ओढून धरतात. काँक्रीट ओतताना कामगार त्या जाळीवरून चालले आणि सळया खाली दबल्या, असं नेहमी होतं. समजा त्या पृष्ठभागापासून २५ मिमीवर असायच्या आणि ६५ वर गेल्या. पाच इंची गॅलरीत कामाची उंची १०० ची ६० राहिली. ताकद ४० टक्के जाते, ताठपणा निम्म्याहून खाली येतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. दिसते ती भिंतीलगतची चीर. ती फक्त टाइलच्या सांध्याची असू शकते, किंवा खालच्या स्लॅबची. चिरेजवळची एक टाइल उचलून बघायला हवी. तोपर्यंत कुंड्या आत घ्या आणि गर्दी करू नका. पावसाळ्यात ती चीर पाणी सळयांपर्यंत नेते.

वैशाली_कोथरूड
कुंड्या आजच आत आणते. सोसायटीतून इंजिनियर बोलावते. धन्यवाद ताई.

सुमेध_धायरी
पाच आठवड्यांनी लिहितोय. आमच्या भागातल्या एका इंजिनियरांकडून ड्रॉइंग काढून घेतलं, त्यांनी हाच मार्ग सांगितला. जॅक लावून बीम उचलले, खालचे तुकडे वेल्ड केले. दोन दिवस हॉलभर ओलं पोतं आणि पत्रे पसरलेले होते.

पट्टीचा प्रयोग परत केला. तोच भाऊ, तीच जागा. आता पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढंच, अर्धा मिमी पण नाही. ग्लासातलं पाणी स्थिर. आई काल स्वतःहून नातीच्या पलंगावर जाऊन बसली.

एक गोष्ट उरली आहे. दाराजवळच्या कोपऱ्यात पाय ठेवला की अजून 'टक' असा आवाज येतो आणि टाइल हाताला हललेली जाणवते. बाकी माळा हलत नाही, फक्त तेवढी जागा.

भोसरीवाला
ते बीमचं नाही. बोर्डचा सांधा पाइपवर आलेला नसेल किंवा स्क्रू ढिला झाला असेल. माळा एवढे महिने झुलत होता, स्क्रूची भोकं मोठी झाली असतील. खालून बघा, सांध्याखाली पाइप आहे का.

रेणुका_स्ट्रक्चरल
मलाही तसंच वाटतं, पण टाइलखालचा चिकटा सुटला असला तरी असाच आवाज येतो. टाइलवर नाणं वाजवून बघा आणि खालून सांध्याचा फोटो टाका.

सुमेध_धायरी
नाणं पोकळ वाजतंय. सांधा पाइपवर नाही, दोन पाइपांच्या मध्ये आहे. दोन्ही गोष्टी निघाल्या. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.